‘ड्यू टू’नंतर काय येतं आणि ‘देअरफोर’च्या आधी काय लागतं?

पाऊस धरला की इंग्रजीतून कारणं देण्याचा हंगाम सुरू होतो. स्टेशनवरच्या फलकावर ‘ड्यू टू हेवी रेन, ट्रेन्स आर रनिंग लेट’ अशी ओळ झळकते आणि तिकडे ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘ड्यू टू इट इज रेनिंग हेवीली, आय विल बी लेट.’ पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चूक. गंमत म्हणजे दुसरं वाक्य लिहिणाऱ्याचं बाकीचं इंग्रजी बहुधा ठीकठाक असतं. काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर, शब्दही नेमके. अडतं ते या एकाच सांध्यावर.

कारण आणि परिणाम जोडणारे शब्द इंग्रजीत डझनभर तरी आहेत: बिकॉज, बिकॉज ऑफ, ड्यू टू, ओइंग टू, सो, देअरफोर, कॉन्सिक्वेंटली, हेन्स, ॲज अ रिझल्ट आणि आणखी काही. शब्दकोशात पाहिलं तर सगळ्यांचा अर्थ फिरून ‘मुळे’, ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ यांपैकीच एक निघतो. त्यामुळे वाटतं, कुठलाही उचलावा आणि बसवावा. पण नळाच्या फिटिंगसारखं आहे हे. पाइप अर्ध्या इंचाचाच असला, तरी आटे आतून आहेत की बाहेरून हे न बघता जोड आणलात तर तो बसत नाही. या शब्दांचंही तसंच. अर्थ एक असला तरी पुढे काय लागतं ते प्रत्येकाचं वेगळं.

तीन घराणी

पहिल्या घराण्याला पुढे नाम लागतं, म्हणजे वस्तूचं, गोष्टीचं किंवा घटनेचं नाव. ड्यू टू, ओइंग टू, बिकॉज ऑफ, ऑन अकाउंट ऑफ आणि ॲज अ रिझल्ट ऑफ हे सगळे इथले. ‘बिकॉज ऑफ द स्ट्राइक’, ‘ड्यू टू फॉग’, ‘ओइंग टू इलनेस’.

दुसऱ्या घराण्याला पुढे अख्खं वाक्य लागतं, कर्ता आणि क्रियापदासकट. कारण सांगणारे बिकॉज, सिन्स आणि ॲज, तसाच परिणाम सांगणारा सो. मराठी व्याकरणात आपण ज्याला उभयान्वयी अव्यय म्हणतो तेच हे, दोन वाक्यं जोडणारे शब्द.

तिसरं घराणं सगळ्यात फसवं. देअरफोर, कॉन्सिक्वेंटली, हेन्स, दस, ॲज अ रिझल्ट. हे जोडल्यासारखे दिसतात, पण व्याकरणाच्या हिशेबात काहीच जोडत नाहीत. ते क्रियाविशेषणं आहेत. दुसऱ्या वाक्यात बसून ते पहिल्याकडे फक्त बोट दाखवतात.

‘मुळे’ला जे जमतं ते ‘ड्यू टू’ला जमत नाही

‘ड्यू टू इट इज रेनिंग’ ही चूक येते कुठून? थेट मराठीतून, आणि तीही मराठीच्या एका सोयीमुळे.

तसं पाहिलं तर ‘मुळे’लाही नामच लागतं. ‘पाऊस’चं सामान्यरूप ‘पावसा’ आणि त्याला ‘मुळे’ चिकटलं की पावसामुळे. इथवर ड्यू टू आणि मुळे बरोबरीने चालतात. पण मराठीला अख्ख्या वाक्याचं नाम करून टाकायची एक सहज युक्ती येते. ‘पाऊस पडला’ यातल्या ‘पडला’चं ‘पडल्या’ केलं की झालं, पाऊस पडल्यामुळे. पडत असल्यामुळे, पडणार असल्यामुळे, न पडल्यामुळे, काहीही करा. ‘भाऊजींनी काल रात्री कुणालाही न सांगता गाडी नेल्यामुळे’ एवढं लांबलचक प्रकरणसुद्धा ‘मुळे’ बिनतक्रार उचलतं. कर्ता आत आहे, काळवेळ आत आहे, नकार आत आहे आणि शेवटी फक्त ‘-ल्यामुळे’.

ड्यू टूला ही ताकद नाही. म्हणून ‘मी आजारी असल्यामुळे’ हे मनात धरून ‘ड्यू टू आय वॉज इल’ लिहिलं की गाडी रुळावरून घसरते. इंग्रजीत अशा वेळी रस्ते तीनच. एक, नेमकं नाम शोधायचं: ‘ड्यू टू इलनेस’. दोन, ड्यू टू सोडून वाक्य उचलणारा शब्द घ्यायचा: ‘बिकॉज आय वॉज इल’. तीन, क्रियापदाचं ‘-इंग’ रूप करून त्याला नामासारखं वापरायचं: ‘ड्यू टू माय बीइंग इल’. हा तिसरा प्रकार व्याकरणात बसतो, पण कानाला खडबडीत लागतो. कोर्टकचेरीच्या बाहेर मी तो वापरणार नाही.

चौथी एक पळवाट आहे, ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’. इथे ‘फॅक्ट’ हे नाम मध्ये घुसवून त्याच्यापुढे हवं ते वाक्य टांगायचं. चूक नाही, पण एका ‘बिकॉज’चं काम करायला पाच शब्द खर्ची पडतात.

आपलं वाक्य बरोबर आहे का, हे तपासायला ड्यू टूच्या लगेच पुढे काय आलं ते पाहा. एखादी गोष्ट आली तर ठीक. करणारा आणि त्याची कृती आली, म्हणजे ‘आय वॉज’, ‘द बस हॅज’, ‘दे विल’ अशी जोडी आली, तर चूक. नुसतं ‘वॉज’ किंवा ‘हॅज’ शोधत बसू नका, कारण ‘ड्यू टू द रेन दॅट हॅज फॉलन सिन्स मंडे’ हे वाक्य बरोबर आहे. तिथे ड्यू टूच्या लगेच पुढे ‘रेन’ हे नाम उभं आहे आणि पुढचा सगळा भाग त्याचं वर्णन आहे.

या घराण्यात घोळ घालणारा शब्द म्हणजे इवलासा ‘ऑफ’. ‘बिकॉज’ला वाक्य लागतं, ‘बिकॉज ऑफ’ला नाम. ‘ॲज अ रिझल्ट ऑफ’ पहिल्या घराण्यातला आणि ‘ऑफ’ काढला की तोच तिसऱ्या घराण्यात. शिवाय दिशाही उलटते. ‘ॲज अ रिझल्ट ऑफ द फ्लड’ यात पुढे कारण येतं, तर ‘ॲज अ रिझल्ट, द स्कूल क्लोज्ड’ यात पुढे परिणाम येतो.

‘देअरफोर’च्या आधी स्वल्पविराम का पुरत नाही?

‘रस्ता बंद होता, म्हणून मला उशीर झाला.’ मराठीत यात काहीच खटकत नाही, कारण ‘म्हणून’ हे खरंखुरं उभयान्वयी अव्यय आहे. तेच इंग्रजीत नेलं की ‘द रोड वॉज क्लोज्ड, देअरफोर आय वॉज लेट’ असं होतं आणि चांगला संपादक तिथे लाल खूण करतो. दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवली आहेत आणि मध्ये बसलेला देअरफोर जोडायच्या कामाचा नाही.

तो कामाचा नाही हे कशावरून? त्याला हलवून बघा. ‘आय वॉज देअरफोर लेट’ म्हटलं तरी अर्थ तसाच राहतो. क्रियाविशेषण वाक्यात इकडेतिकडे सरकू शकतं. आता ‘सो’ सरकवा. ‘द रोड वॉज क्लोज्ड, सो आय वॉज लेट’ हे ठीक, पण ‘आय वॉज सो लेट’ म्हटलं की अर्थच बदलून ‘मला इतका उशीर झाला’ असा होतो. जो शब्द वाक्याच्या आत सरकवता येतो तो जोडणारा नव्हे. हीच चाचणी कॉन्सिक्वेंटली, हेन्स आणि दस यांनाही लावता येते.

मग देअरफोर वापरायचा कसा? आधी पूर्णविराम द्या आणि नवं वाक्य सुरू करा. किंवा अर्धविराम द्या, टिंबाखाली स्वल्पविराम असलेलं ते चिन्ह. किंवा जोडायचं काम ‘अँड’कडे सोपवा: ‘द रोड वॉज क्लोज्ड, अँड देअरफोर आय वॉज लेट’. किंवा सरळ ‘सो’ घ्या, त्याला स्वल्पविराम पुरतो. वाक्याच्या सुरुवातीला कॉन्सिक्वेंटली किंवा ॲज अ रिझल्ट आलं तर त्याच्यानंतरही स्वल्पविराम देतात. देअरफोरनंतर बहुधा देतात, आणि हेन्स, दसनंतर नसला तरी चालतो.

यावर कुणी म्हणेल, इंग्रज लेखकांच्या कथा-कादंबऱ्यांतही स्वल्पविरामाने जोडलेली वाक्यं दिसतातच की. दिसतात, आणि बोलण्याची लय पकडायला ती मुद्दाम लिहिलेली असतात. अर्जात, अहवालात किंवा परीक्षेच्या पेपरात मात्र वाचणारा ती लय म्हणून घेत नाही, चूक म्हणूनच धरतो.

हेन्स आणि दस यांच्या दोन खास सवयी आहेत. हेन्सच्या पुढे क्रियापदाशिवाय नुसतं नाम चालतं: ‘हेन्स द डिले’, ‘हेन्स द नेम’. हे देअरफोरला जमत नाही. आणि दसच्या पुढे ‘-इंग’ रूप येऊ शकतं: ‘द ब्रिज कोलॅप्स्ड, दस कटिंग ऑफ द व्हिलेज’. इथे आधी स्वल्पविराम चालतो, कारण नंतरचा तुकडा स्वतंत्र वाक्यच नाही.

‘म्हणून’ दोन्हीकडे तोंड करून उभं

आणखी एक चूक आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे. ‘ॲज इट वॉज रेनिंग, देअरफोर द मॅच वॉज कॅन्सल्ड.’ किंवा ‘बिकॉज द शॉप वॉज क्लोज्ड, सो आय केम बॅक.’ इंग्रजीत कारण आणि परिणाम यांच्यात खुणेचा शब्द एकच पुरतो. कारणाला ॲज लावला की परिणामाला देअरफोर लागत नाही.

आपल्याला जोडीजोडीने बोलायची सवय आहे. जर–तर, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. एक पाय टाकला की दुसरा आपोआप पडतो. त्यात ‘म्हणून’ची भर. ‘तू आलास म्हणून बरं झालं’ हे बोलताना आवाज ‘म्हणून’नंतर थांबतो, म्हणजे ते कारणाला चिकटलेलं असतं, जवळजवळ ‘बिकॉज’सारखं. ‘तू आलास. म्हणून मी थांबलो’ यात तेच ‘म्हणून’ परिणामाच्या दारात येऊन उभं राहतं, देअरफोरसारखं. एकच शब्द दोन्ही बाजूंना चालतो, त्यामुळे इंग्रजी लिहिताना मन दोन्ही बाजूंना एकेक शब्द ठेवून मोकळं होतं. इंग्रजीत मात्र बिकॉज कायम कारणाच्या वाक्यात राहतो आणि देअरफोर कायम परिणामाच्या. कुठल्या बाजूला खूण करायची ते ठरवा आणि दुसरी बाजू मोकळी सोडा.

‘द रीझन इज ड्यू टू’ हाही त्याच जातीचा प्रकार. ‘रीझन’ म्हणजेच कारण, मग पुन्हा ‘मुळे’ कशाला? ‘कारण हे पावसामुळे आहे’ असं मराठीतही कुणी म्हणत नाही.

पण ‘ड्यू टू’ने वाक्य सुरू करायचं नाही, असं सर सांगायचे

सांगायचे खरे, आणि त्यांचंही काही निराधार नव्हतं. ‘ड्यू’ हा मुळात विशेषण, आणि विशेषणाला टेकायला नाम हवं. ‘द डिले वॉज ड्यू टू रेन’ यात ड्यू हा ‘डिले’बद्दल बोलतो, सगळं जागच्या जागी. पण ‘ड्यू टू रेन, ट्रेन्स आर लेट’ यात ड्यू कुणाबद्दल बोलतो? ट्रेन्सबद्दल तर नाही. मग तो कुठल्याच नामाचा उरत नाही. अशा जागी ओइंग टू किंवा बिकॉज ऑफ वापरा, असा जुन्या पंडितांचा आग्रह होता. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 साली आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात हा प्रकार अडाण्यांचा ठरवला होता. पुढे 1957 साली कॅनडाच्या संसदेत राणी एलिझाबेथ यांनी वाचलेल्या अभिभाषणातच एक वाक्य ‘ड्यू टू’ने सुरू झालं. गव्हाच्या प्रदेशातल्या शेतकऱ्यांना धान्य विकता न आल्यामुळे पैशांची चणचण आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. राणीच्याच तोंडी ते आल्यावर अडाणीपणाचा शिक्का मारायचा कुणावर?

आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण ‘उशीर पावसामुळे झाला’ आणि ‘पावसामुळे गाड्या उशिरा आहेत’ या दोन्हीत ‘मुळे’ सारखंच सुखाने नांदतं. माझं मत विचाराल तर आज हा नियम डोक्यावर घेऊन फिरायची गरज नाही. शब्दकोशांनी ड्यू टूला बिकॉज ऑफच्या पंगतीत बसवलं आहे. पण जुन्या वळणाचा परीक्षक किंवा साहेब समोर असेल, तर वाक्याच्या सुरुवातीला बिकॉज ऑफ लिहा. त्यावर कुणाचाच आक्षेप नाही.

‘कॉन्सिक्वेंटली’ आणि ‘सब्सिक्वेंटली’

हे दोन शब्द कानाला जुळे भाऊ वाटतात. कॉन्सिक्वेंटली म्हणजे ‘परिणामी’, सब्सिक्वेंटली म्हणजे नुसतं ‘नंतर’. कागदावर या फरकाला किंमत येते. ‘ही वॉज हिट बाय अ ट्रक अँड सब्सिक्वेंटली डाइड’ हे वाक्य एवढंच सांगतं की आधी अपघात झाला आणि नंतर मृत्यू झाला. अपघातामुळेच मृत्यू झाला, असं ते म्हणत नाही. वाचणारा तसं गृहीत धरतो, ही गोष्ट वेगळी. अपघात विम्याच्या दाव्यात नेमका हाच संबंध दाखवावा लागतो, तेव्हा कागद लिहिणाऱ्याने ‘नंतर’ लिहायचं की ‘परिणामी’ हे जाणूनबुजून ठरवलेलं बरं. खात्री नसेल तर सब्सिक्वेंटलीच प्रामाणिक.

सरकारी बदलीच्या किंवा बढतीच्या आदेशात याच कुळातला आणखी एक प्रयोग भेटतो: ‘कॉन्सिक्वेंट अपॉन हिज प्रमोशन’. तो पहिल्या घराण्यातला. पुढे नाम लागतं, वाक्य नाही.

नकार आला की कारण कुणाचं?

‘ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ऑफ प्रेशर.’ राजीनामा दिला की नाही? दोन उत्तरं निघतात. दबाव होता म्हणून त्याने राजीनामा दिलाच नाही, हे एक. राजीनामा दिला, पण दबावामुळे नव्हे, हे दुसरं. ‘नॉट’चा हात क्रियापदापाशी थांबतो की थेट कारणापर्यंत पोचतो, हे वाक्यावरून ठरत नाही. बातमीत असं वाक्य आलं आणि मराठीत घाईघाईने उतरवलं गेलं, तर उलटीच बातमी छापून येऊ शकते.

पहिला अर्थ हवा असेल तर कारण पुढे आणा: ‘बिकॉज ऑफ प्रेशर, ही डिड नॉट रिझाइन’. दुसरा हवा असेल तर राजीनामा आधी कबूल करा: ‘ही रिझाइन्ड, बट नॉट बिकॉज ऑफ प्रेशर’. मराठीत ‘राजीनामा दिला, पण दबावामुळे नव्हे’ म्हणतो, अगदी तसंच.

एक अर्ज, तीन सांधे

समजा, कोल्हापूरजवळच्या खेड्यातली एक विद्यार्थिनी आहे. पंचगंगेला पूर, रस्ता पाण्याखाली, एसटी बंद, परीक्षेच्या फॉर्मची मुदत टळली. तिच्या मनातलं वाक्य असं: ‘रस्ता पाण्याखाली गेल्यामुळे एसटी बंद होती, म्हणून मी वेळेत फॉर्म भरू शकले नाही. तरी मुदत वाढवून मिळावी ही विनंती.’ मराठीत हे निर्दोष आहे. इंग्रजीत ते असं उतरतं:

‘ड्यू टू द रोड वॉज अंडर वॉटर द बसेस वेअर क्लोज्ड, देअरफोर आय कुड नॉट सबमिट द फॉर्म. हेन्स रिक्वेस्ट यू टु एक्स्टेंड द डेट.’

पहिला सांधा ड्यू टूचा. पुढे ‘द रोड वॉज’ ही जोडी आली, म्हणून एक तर बिकॉज घ्यायचा, नाहीतर नाम शोधायचं. नाम इथे सहज मिळतं, ‘फ्लडिंग’. शिवाय बस ‘क्लोज्ड’ नसते, दुकान असतं. बस ‘कॅन्सल्ड’ होते. दुसरा सांधा देअरफोरचा. तिथे पूर्णविराम देऊन नवं वाक्य केलं की काम भागतं. आता अर्ज असा दिसतो: ‘ड्यू टू फ्लडिंग, ऑल बसेस वेअर कॅन्सल्ड. आय वॉज देअरफोर अनेबल टु सबमिट द फॉर्म ऑन टाइम.’

तिसरा सांधा शेवटच्या ओळीत आहे आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये तो रोज दिसतो. ‘हेन्स रिक्वेस्ट यू’ यात विनंती करणारा कोण? आपल्या ‘सबब विनंती की’ या वळणात कर्ता सांगावा लागत नाही. ‘विनंती’ हे नाम आहे आणि कोण करतंय ते अर्जाच्या खाली सहीत आहेच. इंग्रजीतला ‘रिक्वेस्ट’ इथे क्रियापद म्हणून वापरला आहे आणि त्याला कर्ता लागतोच, म्हणून ‘आय देअरफोर रिक्वेस्ट यू’. पण वरच्या ओळीत देअरफोर येऊन गेला आहे आणि लागोपाठ दोन देअरफोर म्हणजे भूमितीतलं प्रमेय वाटतं. इथे दुसऱ्याची गरजही नाही. फॉर्म का राहिला ते आधीच्या दोन ओळींनी सांगितलंच आहे, त्यामुळे ‘आय रिक्वेस्ट यू टु एक्स्टेंड द डेट’ एवढं पुरे.